अर्धा मज्जारज्जू आणि दोन पायांची दोन दुखणी

मी पुनर्वसन वैद्यक विभागात निवासी डॉक्टर होते, तेव्हा शस्त्रक्रिया विभागातून एक चिठ्ठी आली. पाठीत चाकूचा वार, डावा पाय लुळा, उजवा पाय व्यवस्थित, संवेदनांची सविस्तर नोंद करून द्यावी, एवढाच मजकूर होता. रुग्ण तिशीतला, भाजी मंडईत हमाली करणारा गडी होता. वार होऊन तीन आठवडे उलटले होते आणि जखम भरत आली होती. त्या चिठ्ठीतले ‘उजवा पाय व्यवस्थित’ हे शब्द कितपत खरे आहेत, हे शोधण्यात माझी ती दुपार गेली, आणि मज्जारज्जूतल्या संवेदनांच्या दोन वाटा पुस्तकात वाचून जितक्या कळल्या नव्हत्या तितक्या मला त्या दुपारी कळल्या.

मी कॉटजवळ पोचले तेव्हा त्याच्या आईने मला पहिला प्रश्न विचारला. ती म्हणाली, “बाई, ज्या पायात जीव नाही तोच पाय दुखतो म्हणतो हा. आणि जो चांगला हलतो, त्याला चिमटा काढला तरी कळत नाही. असं कसं?” वॉर्डातल्या पुष्कळांना हे बोलणे घाबरलेल्या माणसाच्या भ्रमासारखे वाटले होते. मला मात्र त्या दोन वाक्यांत निदान जवळजवळ पुरे झाल्यासारखे वाटले, फक्त ते कातडीवर रेषा आखून सिद्ध करायचे बाकी होते.

हाताशी साधने अगदी साधी होती: कापसाची बारीक वात, एक नवी टाचणी, सेकंदाला 128 कंपने देणारा ट्युनिंग फोर्क, गरम आणि गार पाण्याच्या दोन काचनळ्या, आणि कातडीवर खुणा करायला पेन. मज्जारज्जूच्या इजेची आंतरराष्ट्रीय तपासणी शरीराच्या प्रत्येक बाजूला 28 ठिकाणी करतात. प्रत्येक ठिकाणी हलक्या स्पर्शाला आणि टाचणीला शून्य, एक किंवा दोन असे गुण द्यायचे असतात. शून्य म्हणजे काहीच नाही, टाचणीच्या बाबतीत टोक आणि बोथट बाजूचा फरक न कळणे हेही शून्यच, दोन म्हणजे चेहऱ्यावर जसे वाटते तसेच, आणि एक म्हणजे वाटते पण वेगळे वाटते. टाचणीच्या बाबतीत एक पथ्य फार महत्त्वाचे आहे. टोकाचा आणि बोथट बाजूचा फरक रुग्णाला खरोखर कळतो की तो अंदाज बांधतो आहे, याची शंका आली, तर दहापैकी आठ उत्तरे बरोबर आल्याशिवाय फरक कळला असे धरायचे नाही.

मी त्याला म्हटले, “दादा, डोळे मिटा. टोचल्यासारखं वाटलं तर ‘टोचलं’ म्हणा, नुसतं काहीतरी लागलं असं वाटलं तर ‘लागलं’ म्हणा.” आधी गालावर टोक आणि बोथट बाजू दोन्ही लावून दाखवली आणि मग उजव्या पावलापासून वर निघाले. बधिर भागाकडून शाबूत भागाकडे जाणे नेहमी बरे, कारण नसलेली संवेदना कुठे सुरू झाली हे माणूस चटकन सांगतो. असलेली संवेदना कुठे संपली हे सांगणे त्याला जड जाते. उजव्या पावलावर, पोटरीवर, मांडीवर तो एकसारखे “लागलं, लागलं” म्हणत राहिला. टाचणीचे टोक कातडीत खड्डा पाडत होते, पण त्याच्या चेहऱ्यावर रेष हलत नव्हती. बेंबीच्या जरा वर टोक गेले आणि तो दचकून म्हणाला, “टोचलं!” तिथे मी पेनाने आडवी रेघ ओढली. गरम आणि गार नळ्यांनीही तेच दाखवले: बेंबीच्या खाली उजवीकडे दोन्ही नळ्या त्याला सारख्याच ‘काचेसारख्या’ लागत होत्या. बेंबीखाली उजव्या अंगाला ना वेदना होती ना तापमान, स्पर्श मात्र जसाच्या तसा होता. टाचणीदेखील त्याला कळत होती, पण टाचणी म्हणून नव्हे, तर बोट लावावे तशी.

याच वेळी उजव्या टाचेवर मला एक मोठा फोड दिसला. पलंगाच्या लोखंडी कडेवर टाच टेकून राहिल्याने तो आला होता. ज्या पायाला चिठ्ठीने व्यवस्थित ठरवले होते, त्याच पायाला इजा झाली होती आणि तिची खबर मालकाला नव्हती.

डाव्या पायावर मामला उलटा होता. टाचणी टेकताच तो कळवळला, आणि वर म्हणाला की गालापेक्षाही पायावर जास्त चुणचुणते. मी कापसाची वात फिरवली तेव्हा तीही त्याला कळली, जरा पुसट, पण कळली. इथे एखादा तपासनीस फसू शकतो, कारण टाचणी कळते आणि कापूस कळतो म्हटल्यावर डावी बाजू संवेदनांच्या बाबतीत ठीक आहे असे लिहून मोकळे होणे सोपे असते. पण मी ट्युनिंग फोर्क वाजवून डाव्या अंगठ्याच्या हाडावर ठेवला तेव्हा त्याला फक्त थंड धातू लागला, कंप नाही. घोट्यावर नाही, गुडघ्याखालच्या हाडावर नाही, कमरेच्या हाडाच्या टोकावर नाही. डाव्या बरगडीच्या कडेवर तो म्हणाला, “आता घुमतंय.” मग मी त्याचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरला, वरून-खालून नव्हे, कारण तसे धरले तर दाबावरूनच दिशा कळते, आणि थोडा थोडा वर-खाली केला. डोळे मिटून त्याला दिशा सांगता येईना. त्याची उत्तरे नाणे उडवून दिल्यासारखी येत होती. तळव्यावर बोटाने आकडा काढला तर काहीतरी फिरले एवढेच त्याला कळे. उजव्या तळव्यावर तोच आकडा त्याने लगेच ओळखला.

या तपासणीचा सगळा अर्थ दोन वाटांत आहे. पाठीच्या बाजूला, मज्जारज्जूच्या मागच्या भागात जी वाट आहे तिला डॉर्सल कॉलम म्हणतात. कंप, सांध्यांची स्थिती आणि बारकावे ओळखणारा स्पर्श हे या वाटेने जातात. जाड आवरणाचे वेगवान तंतू त्वचेतून, स्नायूंतून आणि सांध्यांतून येतात, मज्जारज्जूत शिरतात आणि ज्या बाजूने शिरले त्याच बाजूने, वाटेत कुठेही न बदलता, थेट मेंदूच्या देठाच्या तळापर्यंत म्हणजे लंबमज्जेपर्यंत चढतात. तिथे पहिला तंतू संपतो, दुसरा सुरू होतो, आणि तो दुसरा तंतू मधली रेषा ओलांडून पलीकडे जातो. दुसरी वाट स्पायनोथॅलॅमिक, ती वेदना आणि तापमानाची. तिचे तंतू बारीक आणि संथ असतात. ते मज्जारज्जूत शिरल्यावर एक-दोन खंड, म्हणजे मज्जारज्जूचे एकावर एक असलेले टप्पे, वर सरकतात, करड्या भागाच्या मागच्या शिंगात दुसऱ्या तंतूला निरोप देतात, आणि तो दुसरा तंतू लगेच तिथल्या तिथे मध्यरेषा ओलांडून पुढच्या-बाजूच्या पांढऱ्या भागात जातो आणि पलीकडच्या बाजूने वर चढतो. दोन्ही वाटा अखेरीस मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागात आणि तिथून मेंदूच्या पृष्ठभागावर पोचतात, दोन्ही विरुद्ध बाजूलाच पोचतात. फरक आहे तो त्या कुठे ओलांडतात इतकाच. नदीकाठाने चालणाऱ्या दोघांपैकी एकाने पहिल्याच पुलावरून पैलतीर गाठावा आणि दुसऱ्याने शेवटच्या पुलापर्यंत याच काठाने यावे, अशी ही स्थिती आहे. मधेच एका काठाची दरड कोसळली, तर त्या काठावर तेव्हा जे असतील तेच अडकतील.

माझ्या रुग्णाच्या डाव्या काठाची दरड कोसळली होती. मज्जारज्जूच्या डाव्या अर्ध्या भागात तेव्हा डाव्या पायाचा कंप आणि स्थितिज्ञान होते, कारण ते अजून ओलांडले नव्हते. आणि उजव्या पायाची वेदना होती, कारण ती खालीच ओलांडून डावीकडे आली होती. डाव्या पायाची हालचालही गेली होती, कारण हालचालीचा मुख्य मार्ग लंबमज्जेतच बाजू बदलून खाली येतो आणि मज्जारज्जूत तो ज्या पायासाठी आहे त्याच बाजूने उतरतो. तीन आठवड्यांनंतर डाव्या गुडघ्याचा झटका वाढलेला होता आणि तळव्याला कडेने घासल्यावर डावा अंगठा वर उचलला जात होता. म्हणजे पहिल्या दिवसांतला सुन्न, ढिला काळ सरून कडकपणाचा काळ सुरू झाला होता. मावशींच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, प्रश्नाचे उत्तर यातच होते. ज्या पायात बळ नाही, त्याची वेदना खालीच पलीकडे निघून गेली आहे, म्हणून ती वाचली. आणि ज्या पायात बळ आहे, त्याची वेदना जखमेच्या बाजूला आली आहे, म्हणून ती कापली गेली. मी त्यांना हे कागदावर दोन रेघा काढून दाखवले. त्यांनी उजव्या पायाची रेघ दोनदा बोटाने फिरवून पाहिली आणि मान हलवली.

डाव्या पायाचा कापूस का कळला, हेही सांगितले पाहिजे, कारण ‘स्पर्श जातो’ असे आपण सरसकट म्हणतो त्यात थोडी गफलत आहे. ढोबळ स्पर्श एकाच वाटेने जात नाही. त्याचा काही भाग डॉर्सल कॉलमने जातो आणि काही भाग वेदनेच्या शेजारून, ओलांडलेल्या वाटेने जातो. त्यामुळे अर्ध्या मज्जारज्जूच्या इजेत कापसाची संवेदना पुसट होते, सहसा पूर्ण जात नाही. जाते ती स्पर्शातली बारकाई: अक्षर ओळखणे, दोन जवळच्या टोकांतला फरक, कंप, आणि सांधा कुठे आहे याचे भान. म्हणून कापसावर विसंबून डॉर्सल कॉलमचा निर्णय करू नये. तो निर्णय ट्युनिंग फोर्कने आणि अंगठ्याच्या हालचालीने करावा, आणि स्पायनोथॅलॅमिकचा निर्णय टाचणीने आणि नळ्यांनी करावा. आमच्या विभागात मी पुढे ज्यांना ही तपासणी शिकवली, त्या सर्वांना मी आधी ही एकच गोष्ट सांगितली.

आता उजवीकडची ती रेघ. ती बेंबीजवळ का पडली, याचे मला फार कुतूहल होते, कारण एमआरआयमध्ये जखम सहाव्या छाती-मणक्याच्या पातळीवर, डाव्या अर्ध्या भागात, पांढऱ्या चट्ट्यासारखी स्पष्ट दिसत होती. मणक्यांचे आणि मज्जारज्जूच्या खंडांचे क्रमांक जुळत नाहीत. प्रौढ माणसात मज्जारज्जू कण्यापेक्षा बराच आखूड असतो आणि पहिल्या-दुसऱ्या कंबर-मणक्याजवळ संपतो, म्हणून छातीच्या वरच्या भागात मणक्याच्या क्रमांकात साधारण दोन मिळवले की खंडाचा क्रमांक येतो. सहाव्या मणक्यामागे आठवा खंड येतो. पण आठव्या खंडाला संवेदना पाठवणारी त्वचा ही बेंबीच्या वर असते, आणि बेंबी दहाव्या खंडाची. उजव्या बाजूने नवव्या खंडात शिरलेला वेदनेचा तंतू तिरका चढत चढत डावीकडे पोचतो तेव्हा जखमेच्या वर निघून गेलेला असतो, म्हणून तो वाचतो. दहाव्या खंडातला तंतू ओलांडून आठव्याच्या आसपास पोचतो आणि तिथे कापला जातो. त्यामुळे वेदनेची सीमा जखमेपेक्षा एक-दोन खंड खाली पडते. ही खालची सीमाच जर कुणी जखमेची पातळी समजला, तर त्याला एमआरआय चुकीचा वाटेल.

खरी पातळी डाव्या बाजूला सापडली. डाव्या पोटावर, छातीच्या हाडाच्या टोकाच्या आणि बेंबीच्या दरम्यान, सुमारे चार बोटे रुंद एक आडवा पट्टा होता, ज्यात टाचणी, कापूस, गरम-गार काहीच कळत नव्हते. तिथे जखमेने मज्जारज्जूत शिरणारे मूळ आणि मागचे शिंग थेट मारले होते, म्हणून त्या खंडाच्या सर्व संवेदना एकत्र गेल्या होत्या. हा पट्टा अरुंद असतो आणि शोधल्याशिवाय सापडत नाही. घाईच्या तपासणीत पोटावर एकच टाचणी टोचून पुढे जाणाऱ्याला तो दिसत नाही. त्याच्या वर, डाव्या बाजूला, एक अरुंद पट्टी अतिसंवेदनशीलही होती. तिथे कपडा घासला तरी त्याला नकोसे होई.

या सगळ्याला शरीरक्रियाशास्त्रज्ञ शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार यांचे नाव आहे. ते 1817 मध्ये मॉरिशसच्या पोर्ट लुईमध्ये जन्मले आणि 1894 मध्ये पॅरिसमध्ये वारले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी प्राण्यांचा मज्जारज्जू अर्धा कापून पाहिला. मज्जारज्जूचा अर्धा भाग कापला की त्याच बाजूची हालचाल जाते, हे प्राचीन काळातल्या गेलन या वैद्यानेही पाहिले होते. ब्राउन-सेकार यांना दिसले ते असे की ज्या बाजूला छेद दिला तिथली त्वचा उलट जास्त हळवी होते आणि पलीकडची बधिर. तो हळवेपणा मला माझ्या रुग्णाच्या डाव्या पायावर दिसला, आणि त्या दिवशीच्या टिपणात मी तो मुद्दाम लिहिला. नंतर, 1912 मध्ये स्पिलर आणि मार्टिन या अमेरिकी डॉक्टरांनी दुसऱ्या दिशेने तेच सिद्ध केले: असह्य वेदना असलेल्या रुग्णात मज्जारज्जूचा फक्त पुढचा-बाजूचा भाग कापला, आणि पलीकडच्या अंगाची वेदना गेली, स्पर्श राहिला. अशा शस्त्रक्रियेनंतर वेदना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत येऊ शकते, हेही पुढे दिसून आले, त्यामुळे ही वाट म्हणजे वेदनेची एकमेव वाट नाही, एवढे मान्य करावे लागते.

पुस्तकातला स्वच्छ अर्धा छेद प्रत्यक्षात क्वचितच दिसतो, आणि तो दिसतो तेव्हा बहुधा धारदार शस्त्राचा वार असतो. मणक्याच्या मागे निघालेला काटा चाकूचे पाते मधोमध जाऊ देत नाही, एका बाजूला वळवतो, म्हणून मज्जारज्जूचा एकच अर्धा भाग मारला जातो. तरीही सूज आणि रक्तस्राव रेषा पाळत नाहीत. माझ्या रुग्णात उजव्या अंगठ्यावर कंप कळत होता, पण माझ्या बोटावर कंप चालू असतानाच त्याला तो थांबलेला वाटे. दोन्ही बाजूंचे डॉर्सल कॉलम मध्यरेषेला एकमेकांना चिकटून असतात, मधे फक्त पातळ पडदा असतो, म्हणून पलीकडचा कडेचा भागही थोडा दुखावला होता. त्या टिपणात ‘शुद्ध अर्धा छेद’ असे न लिहिता मी ‘डावा अर्धा भाग मुख्यत्वे, उजवा डॉर्सल कॉलम किंचित’ असे लिहिले.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकून एका बाजूला लकवा झालेल्या माणसात असे विभाजन का होत नाही, हे सरांनी त्या संध्याकाळी राउंडवर विचारले. मेंदूच्या देठाच्या वर गेल्यावर दोन्ही वाटा ओलांडून एकाच बाजूला आलेल्या असतात, म्हणून तिथे एका बाजूची इजा विरुद्ध अंगाचा स्पर्श आणि वेदना दोन्ही एकदम घेऊन जाते. एका पायाचा कंप आणि दुसऱ्या पायाची वेदना गेलेली दिसली, की दोष कण्यातच शोधायचा. उलट मज्जारज्जूच्या अगदी मधोमध पोकळी झाली, तर ओलांडणारे तंतूच कापले जातात, आणि दोन्ही बाजूंची वेदना एका पट्ट्यात जाते, स्पर्श राहतो. पण तिथे डावी-उजवीचा भेद नसतो.

त्या दिवसापासून वॉर्डातली शुश्रूषा बदलली. आधी सगळे लक्ष डाव्या, लुळ्या पायावर होते. मी मावशींना सांगितले की उजव्या पायाला भाजले, कापले, दाबले गेले तर दादा सांगणार नाहीत, तुम्ही बघायचे. अंघोळीचे पाणी आधी हाताने पाहायचे, पायाने नाही. रोज संध्याकाळी उजवी टाच, घोटा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात तपासायच्या. शेकायच्या पिशव्या त्या पायाला लावायच्याच नाहीत. डाव्या पायासाठी वेगळे: अंधारात उठायचे नाही, कारण तो पाय कुठे पडतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना कळत नाही, आणि चप्पल निसटली तरी त्यांना समजत नाही. पण त्या पायात काटा रुतला, तर ते ओरडतील.

पुढच्या काही महिन्यांत डाव्या पायात बळ आले; अशा इजेत बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, आणि हाही काठी घेऊन चालू लागला. डाव्या घोट्याचे स्थितिज्ञान परतले, अंगठ्याचे परतले नाही. उजवीकडची टाचणीची रेघ बेंबीपासून जांघेपर्यंत खाली सरकली आणि तिथे थांबली. शेवटच्या तपासणीत मी त्याला विचारले की उजव्या पायाचे काय. तो म्हणाला, “मॅडम, तो चालतो, पण त्याचं दुखणं मी आता डोळ्यांनी बघतो.” फोडाची जागा भरली होती. मी टाचेवर टाचणी टेकली, त्याने “लागलं” असे सांगितले, आणि मी त्या रकान्यात शून्य लिहिले.